कॅलिब्रेशन शीटवर युनिट बदलताना होणाऱ्या चुका: पीएसआय, बार, किलोपास्कल आणि एमएमएचजी

गेज ठणठणीत असतो, ज्याच्याशी तो ताडून बघायचा तो मास्टरही ठीक असतो, रीडिंगंही नीट घेतलेली असतात, आणि शीटवर शेवटी ‘फेल’ येतं. याच्या उलटही घडतं: जो गेज बाजूला काढायला हवा होता, तो ‘पास’ होऊन परत लाइनवर जातो. दोन्हींमागे बहुतेक वेळा एकच जागा असते. गेजची डायल एका युनिटमध्ये असते, मास्टर दुसऱ्या युनिटमध्ये, आणि मधल्या कॉलममध्ये कुणीतरी एक गुणक टाकलेला असतो.

प्रेशर कॅलिब्रेशनला नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. युनिटची चूक आपला ठसा सोडून जाते. एररचे आकडे ज्या पद्धतीने सरकलेले असतात, त्यावरून कोणता गुणक चुकला ते जवळजवळ नेमकं सांगता येतं. तो ठसा वाचता यायला लागला की शीट तपासायला वेळ लागत नाही.

## हाताशी काय ठेवायचं

- तपासायच्या गेजची रेंज आणि अचूकता. अचूकता फुल स्केलच्या टक्क्यात आहे की रीडिंगच्या, हेही लिहून ठेवा.
- मास्टरचं चालू सर्टिफिकेट, आणि त्यात रीडिंग ज्या युनिटमध्ये दिली आहेत ते युनिट.
- मास्टर वातावरणाच्या दाबापासून मोजलेला गेज प्रेशर दाखवतो की पूर्ण निर्वातापासून मोजलेला ॲब्सोल्यूट, याची खात्री.
- ॲब्सोल्यूट मास्टर असेल तर कामाच्या वेळचं बॅरोमीटरचं रीडिंग.
- मूळ रीडिंगंची शीट, म्हणजे मास्टरच्या स्क्रीनवर दिसलं तेच लिहिलेली. रूपांतर करून लिहिलेली नव्हे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा चुकतो. पुष्कळ जण मास्टर बारमध्ये वाचतात, डोक्यात किंवा मोबाइलवर पीएसआय करतात आणि फक्त पीएसआय लिहितात. नंतर शंका आली तर परत जायला वाटच उरत नाही.

## १. तीन ओळी वेगळ्या ठेवा

रूपांतराचे आकडे सुटे पाठ करू नका, ओळीने लक्षात ठेवा. एका ओळीतले सगळे आकडे एकच दाब सांगतात:

| दाब | किलोपास्कल | पीएसआय | एमएमएचजी |
|---|---|---|---|
| १ बार | १०० | १४.५०३८ | ७५०.०६ |
| १ ॲटमॉस्फिअर | १०१.३२५ | १४.६९५९ | ७६० |
| १ किलोग्रॅम-फोर्स प्रति चौरस सेंटिमीटर | ९८.०६६५ | १४.२२३३ | ७३५.५६ |

घोळ होतो तो या ओळी एकमेकींत मिसळल्यामुळे. १४.७ आणि ७६० हे आकडे शाळेपासून डोक्यात बसलेले असतात, पण ते ॲटमॉस्फिअरचे आहेत, बारचे नव्हेत. ‘एक बार म्हणजे साधारण एक ॲटमॉस्फिअर’ हे बोलण्यापुरतं चालतं. शीटवर तेच १.३ टक्क्याची चूक बनतं, आणि गेजची अख्खी टॉलरन्स १ टक्का असेल तर तेवढ्याने निकाल फिरतो. तिसरी ओळ जुन्या डायलवर भेटते. तिथे १४.२२ बरोबर असतं, पण तोच गुणक बारच्या रीडिंगला लावला की उत्तर जवळपास २ टक्के कमी येतं.

टॉर आणि एमएमएचजी यांच्यातला फरक दाबमापकांच्या कामात नगण्य आहे. त्यात वेळ घालवू नका.

## २. गुणक एकाच जागी, पास्कलमध्ये

प्रत्येक सेलमध्ये वेगळा गुणक टाइप केला की कधी ना कधी एका सेलमध्ये १४.५ आणि दुसरीत १४.७ येणारच. त्यापेक्षा शीटच्या एका कोपऱ्यात प्रत्येक युनिटची पास्कलमधली किंमत ठेवा आणि सगळी रूपांतरं तिथूनच करा:

```
     A          B
2    psi        6894.757
3    bar        100000
4    kPa        1000
5    mmHg       133.3224
6    kgf/cm2    98066.5
```

मास्टरचं बारमधलं रीडिंग C8 मध्ये असेल आणि ते पीएसआयमध्ये हवं असेल तर:

```
=C8*$B$3/$B$2
```

वर ज्या युनिटमधून येतो ते, खाली ज्यात जायचं ते. भागायचं की गुणायचं हा प्रश्नच उरत नाही. या पाच सेल लॉक करून ठेवा. शीट कॉपी होत होत पुढे जाते आणि त्या प्रवासात आकडे बदलतात, हा सगळीकडचा अनुभव आहे.

## ३. एक उदाहरण शेवटपर्यंत

गेज ० ते १५० पीएसआय, अचूकता फुल स्केलच्या १ टक्का, म्हणजे कुठल्याही बिंदूला ±१.५ पीएसआय. मास्टर डिजिटल, बारमध्ये. काटा डायलच्या चिन्हावर आणायचा आणि मास्टर वाचायचा. एरर म्हणजे गेजचं चिन्ह वजा मास्टरची खरी किंमत. शेवटच्या कॉलममध्ये तीच रीडिंगं, पण बारला १४.७ ने गुणून.

| गेज (पीएसआय) | मास्टर (बार) | एरर, योग्य गुणकाने | एरर, १४.७ ने |
|---|---|---|---|
| ३० | २.०७८ | −०.१४ | −०.५५ |
| ६० | ४.१५२ | −०.२२ | −१.०३ |
| ९० | ६.२२८ | −०.३३ | −१.५५ |
| १२० | ८.३०५ | −०.४५ | −२.०८ |
| १५० | १०.३७८ | −०.५२ | −२.५६ |

गेज पास आहे, आणि बराच आरामात. चुकीच्या गुणकाने मात्र जास्त दाबाचे तीन बिंदू मर्यादेबाहेर जातात. ९० चा बिंदू तर नुसता काठावरून पडला आहे.

आता दोन एरर कॉलममधला फरक बघा. ३० ला ०.४१ आणि १५० ला २.०४. दाब पाचपट झाला, फरकही पाचपट. टक्क्यात तो सगळीकडे तोच, १.३५ च्या आसपास. शून्याला फरक शून्य. हाच गुणकाच्या चुकीचा ठसा. शून्य बिनचूक आणि तिथून वर एरर एकसारख्या चढाने वाढत जाणारा.

अडचण एवढीच की गेजचा स्पॅन खरोखर बिघडला असेल तर तोही असाच दिसतो. काटा शून्यावर बरोबर बसतो आणि वर जाताना सरळ रेषेत मागे पडतो किंवा पुढे पळतो. म्हणून ठसा दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नाही. वरचा एक बिंदू घ्यायचा आणि तो दुसऱ्या वाटेने काढून बघायचा. १०.३७८ बार म्हणजे १०३७.८ किलोपास्कल, यात चुकायला फारसं काही नाही, दशांश चिन्ह दोन घरं सरकवायचं. मग १०३७.८ ला ६.८९४७५७ ने भागा, १५०.५२ येतं. शीटवर १५२.५६ लिहिलं असेल तर चूक गुणकाची. दोन्ही वाटांनी तेच आलं तर मग गेज उघडा.

उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे. समजा दुसऱ्या गेजला १५० च्या चिन्हावर मास्टर १०.१७ बार दाखवतो. खरी किंमत १४७.५० पीएसआय, म्हणजे गेज २.५ पीएसआय जास्त दाखवतो आहे आणि फेल आहे. १४.७ ने गुणलं तर १४९.५० येतं, एरर फक्त ०.५, आणि शीटवर ‘पास’. फेल झालेला गेज कुणीतरी पुन्हा तपासतो. चुकून पास झालेल्याकडे कुणी वळूनही बघत नाही. म्हणून फेल शीट तपासताना जेवढा वेळ देता, तेवढाच पासच्या शीटवरच्या गुणकाला द्या. एररचे आकडे फार गोड दिसत असतील तर जरा जास्तच.

## ४. ठशावरून गुणक ओळखणे

शंका आलेल्या शीटवर शीटची किंमत भागिले खरी किंमत एवढंच काढायचं. उत्तर यांपैकी एकाच्या जवळ आलं की बहुधा तोच दोषी:

- १.०१३ च्या आसपास: बारच्या जागी ॲटमॉस्फिअर वापरलं. १४.७ किंवा ७६० शोधा.
- ०.९८ च्या आसपास: बारच्या रीडिंगला किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचा गुणक लागला.
- १.०१५: पीएसआयचं बार करताना ०.०७ ने गुणलं. खरा आकडा ०.०६८९५ आहे.
- नेमकं १० किंवा ०.१: मिलिबार आणि किलोपास्कल यांची अदलाबदल. १ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार.
- ६.९ च्या आसपास: किलोपास्कलचा आकडा पीएसआयच्या कॉलममध्ये तसाच उतरला.
- १३.६: पाण्याचे मिलिमीटर आणि पाऱ्याचे मिलिमीटर यांची गल्लत.

शेवटचे तीन आकडे इतके मोठे आहेत की चूक लगेच डोळ्यांत भरते. त्रास देतात ते वरचे तीन, कारण ते गेजच्या खऱ्या एररसारखेच दिसतात.

## ५. टॉलरन्सचा कॉलम कोणत्या युनिटमध्ये आहे?

एरर बारमध्ये काढला आणि मर्यादा पीएसआयमध्ये ठेवली, ही चूक दिसायला बारीक आहे, पण परिणाम मोठा. वरच्याच गेजची मर्यादा १.५ पीएसआय आहे, म्हणजे ०.१०३ बार. कुणी एररचा कॉलम बारमध्ये ठेवला आणि मर्यादेच्या सेलमध्ये १.५ तसंच राहू दिलं, तर १० पीएसआयने चुकणारा गेजही पास होईल. १० पीएसआय म्हणजे ०.६९ बार, आणि ते १.५ पेक्षा लहानच आहे.

खूण अशी: सगळ्या बिंदूंचा एरर मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत असेल आणि गेज साधा, १ टक्केवाला असेल, तर आधी युनिट बघा. असा गेज इतका चांगला सहसा नसतो. टॉलरन्स, मास्टरची अनसर्टन्टी आणि रिझोल्युशन यांना फक्त गुणक लागतो, त्यात वातावरणाचा दाब मिळवायचा किंवा वजा करायचा नसतो. हे फरक आहेत, स्वतंत्र दाब नव्हेत.

## ६. आधी रूपांतर, मग राउंडिंग

१५० पीएसआय म्हणजे १०.३४२ बार. शीटच्या छापील तक्त्यात कुणीतरी ते १०.३ करून ठेवलेलं असतं. तेवढ्याने ०.०४२ बार, म्हणजे ०.६१ पीएसआय गळाले. १.५ च्या मर्यादेतला ४० टक्के भाग तर इथेच संपला, गेजला हात लावायच्या आधीच.

मी पाळतो तो नियम असा: राउंडिंगमुळे किंवा गुणकाच्या अंकांमुळे येणारी चूक मर्यादेच्या विसाव्या भागापेक्षा कमी हवी. या गेजला ती ०.०७५ पीएसआय, म्हणजे ०.००५ बार. म्हणून बारच्या कॉलममध्ये दोन दशांश लिहिले तर काठावर चालतं, तीन लिहिले तर विचारच करावा लागत नाही. मधल्या पायऱ्यांवर राउंड करू नका, फक्त सर्टिफिकेटवर छापताना करा. स्प्रेडशीटमध्ये सेलचं फॉरमॅट बदलून दशांश कमी दाखवले तर आतली किंमत तशीच राहते. `ROUND` वापरलं तर ती खरोखर कापली जाते. दुसऱ्याची शीट हातात आली की या दोन्हींपैकी कोणतं केलंय ते आधी बघा.

गुणकाला किती अंक घ्यायचे यावर उगाच वाद होतात. १४.५०३८ च्या जागी १४.५ घेतलं तर चूक ०.०२६ टक्के. १ टक्क्याच्या गेजला ती दिसतही नाही, ०.०५ टक्क्याच्या डिजिटल गेजला मात्र ती अर्धी मर्यादा खाऊन टाकते. पास्कलचा तक्ता वापरला की हा वाद मिटतो.

## ७. एमएमएचजीचे दोन खड्डे

पहिला खड्डा ७६० चा. रक्तदाबाच्या उपकरणाची डायल ० ते ३०० एमएमएचजी आणि मास्टर किलोपास्कलमध्ये, अशी जोडी नेहमी भेटते. मर्यादा सहसा ±३ एमएमएचजी असते, म्हणजे ०.४ किलोपास्कल. ३०० एमएमएचजी म्हणजे जवळजवळ नेमके ४० किलोपास्कल, ही सोयीची खूण आहे. कुणी ७६० भागिले १०० करून ७.६ हा गुणक बनवला तर ४० किलोपास्कलचे ३०४ होतात आणि चांगलं उपकरण ४ ने चुकलेलं दिसतं. खरा गुणक ७.५००६, आणि ७.५ वापरलं तरी इथे काही बिघडत नाही.

याच कामात मास्टरचं रिझोल्युशनही बघा. स्क्रीनवर ०.१ किलोपास्कलपर्यंतच दिसत असेल तर शेवटचा अंक एकाने हलला की ०.७५ एमएमएचजी बदलतात. ३ च्या मर्यादेला हे जाडंभरडं आहे. मास्टरवर युनिट बदलायची सोय असेल तर तो थेट एमएमएचजीवर लावा, म्हणजे रूपांतर मास्टरच करील आणि तुमच्या शीटवरून ती पायरीच जाईल. फक्त सर्टिफिकेटमधले करेक्शन किलोपास्कलमध्ये दिलेले असतील तर लावण्याआधी ते बदलून घ्या.

दुसरा खड्डा व्हॅक्यूमचा. डायलवर ० ते −७६० एमएमएचजी आणि मास्टर ॲब्सोल्यूट, किलोपास्कलमध्ये. समजा बॅरोमीटर ९५.०० दाखवतो आणि गेजच्या −२५० च्या चिन्हावर मास्टर ६१.६७ दाखवतो. ६१.६७ वजा ९५.०० म्हणजे −३३.३३, आणि ७.५००६ ने गुणलं की −२५०.०. गेज अचूक. पण ९५ च्या जागी सवयीने १०१.३२५ वजा केलं तर −३९.६६ किलोपास्कल, म्हणजे −२९७.४ एमएमएचजी येतं, आणि गेज ४७ ने चुकला असं शीट म्हणतं.

या चुकीचा ठसा मघाच्यापेक्षा वेगळा आहे. इथे एरर दाबाबरोबर वाढत नाही. −१०० ला ४७, −२५० ला ४७, −४०० लाही ४७. शून्यालाही तेवढाच. असा एकसारखा सरकलेला एरर दिसला की गुणक सोडा, वातावरणाचा दाब कुठून आला ते शोधा. आणि बॅरोमीटर ९५ किलोपास्कल म्हणत असेल तर तिथे −७१३ च्या पलीकडे व्हॅक्यूम जाऊच शकत नाही. अशा वेळी शीटवर −७६० चा बिंदू ‘घेतलेला’ दिसला तर तो लिहिणाऱ्याने कुठून आणला, हे विचारायला हवं.

पाऱ्याचा खरा कॉलम मास्टर म्हणून वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. १३३.३२२ पास्कल ही किंमत ० अंश सेल्सिअसचा पारा आणि ९.८०६६५ एवढं गुरुत्वाकर्षण धरून आहे. ३० अंशांना पारा फुगतो, आणि ३०० मिलिमीटरचा कॉलम सुमारे १.६ मिलिमीटर जास्त दाखवतो. ३ च्या मर्यादेतला अर्धा भाग तिथेच जातो, त्यामुळे तापमानाचं करेक्शन आधी आणि रूपांतर नंतर.

## ८. चुकलेली शीट दुरुस्त करताना

गुणक चुकला हे कळलं की मोह होतो तो शीटवरच्या पीएसआयच्या आकड्यांना १.०१३५ ने भागून मोकळं व्हायचा. तसं करू नका. ते आकडे आधीच राउंड झालेले असतात, आणि एखाद्या ओळीत गुणक बरोबरच वापरला असेल तर ती ओळ तुम्ही नव्याने बिघडवता. मास्टरच्या मूळ रीडिंगंपासून सुरुवात करा, सगळे बिंदू पास्कलच्या तक्त्यातून पुन्हा काढा, मग एरर, मग मर्यादेशी तुलना. जुना आकडा एक रेघ मारून वाचता येईल असा ठेवा, शेजारी नवा आकडा, सही आणि तारीख.

मूळ रीडिंगं नसतील तर ते कॅलिब्रेशन पुन्हा करा. आणि त्याच शीटच्या कॉपीवर आणखी कोणते गेज गेले आहेत ते शोधा, त्यातही ‘पास’ झालेल्यांपासून सुरुवात करा.